विश्लेषण : अ‍ॅड्रिनलची मोठी गाठ... सुई नको, शस्त्रक्रिया लांबवणेही नको, ते का?

मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत गाठ सापडणे ही आता दुर्मीळ बाब राहिलेली नाही. पोटाचा सीटी स्कॅन झालेल्या दर शंभर प्रौढांपैकी काही जणांत ती दिसते आणि बहुतेकदा निरुपद्रवी असते. त्यातलीच एखादी मात्र अ‍ॅड्रिनल कॉर्टिकल कर्करोगाची निघते. ती ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत आणि त्या तपासायला फारसा वेळही लागत नाही. तरीही या रुग्णांचे नुकसान होते ते मुख्यतः दोन सवयींमुळे. एक म्हणजे प्रत्येक लक्षणाचा वेगळा डॉक्टर गाठणे आणि दुसरी म्हणजे गाठ दिसली की ‘आधी सुई मारून बघू’ म्हणणे.

हा आजार इतका चकवा का देतो?

अ‍ॅड्रिनल ग्रंथी दोन असतात. एकेकीचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तिच्या बाहेरच्या थराला कॉर्टेक्स म्हणतात. शरीराला ताण झेलायला मदत करणारे कॉर्टिसॉल, मीठ-पाण्याचा तोल राखणारे अल्डोस्टेरॉन आणि पुरुषी गुणांची काही हॉर्मोन्स या थरात तयार होतात. या थरातून उगवणारा कर्करोग म्हणजे अ‍ॅड्रिनल कॉर्टिकल कर्करोग. दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला एक ते दोन रुग्ण, असे त्याचे प्रमाण जगभर मानले जाते. हाच दर लावला तर तीस लाख वस्तीच्या जिल्ह्यात वर्षाला तीन ते सहा रुग्ण येतील. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी वीस वर्षे काम केलेल्या चांगल्या सर्जननेही असा रुग्ण एकदाही पाहिलेला नसू शकतो. त्यात सर्जनचा दोष काहीच नाही, पण रुग्णाला कुठे पाठवायचे हे ठरवताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. त्रेचाळीस वर्षांची एक शिक्षिका. चार महिन्यांत चेहरा गोल होतो, वजन वाढते, पाळी थांबते. हनुवटीवर राठ केस येतात, तेव्हा ती आधी पार्लरमध्ये आणि मग त्वचारोगतज्ज्ञाकडे जाते. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ पाहतात आणि ‘वयाप्रमाणे होते’ असे सांगतात. रक्तदाब वाढतो, त्यासाठी एक, मग दोन, मग तीन गोळ्या सुरू होतात. साखर २६० निघते, त्यासाठी आणखी गोळ्या. आवाज घोगरा झाल्याचे वर्गातली मुले आधी ओळखतात. शेवटी खाली बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येईना, तेव्हा फॅमिली डॉक्टर रक्तातले पोटॅशियम तपासतात. ते असायला हवे साडेतीनच्या वर, भरते २.७. मग सोनोग्राफी होते आणि डाव्या मूत्रपिंडाच्या वर अकरा सेंटीमीटरची गाठ दिसते.

यातले एकेक लक्षण सुटे पाहिले तर साधेच आहे. वजन, साखर, रक्तदाब घरोघरी आहे. हनुवटीवरचे केस तर पीसीओडी असलेल्या कितीतरी मुलींना असतात. खूण आहे ती वेगात आणि एकत्र येण्यात. पीसीओडीचे केस किशोरवयापासून हळूहळू वाढतात. चाळिशीत, चार महिन्यांत, पाळी थांबून आणि आवाज बदलून येणारे केस ही निराळी गोष्ट आहे. हे सगळे कागद एका टेबलावर, एका डॉक्टरसमोर ठेवले गेले असते तर दोन महिने आधी निदान झाले असते. विशेषज्ञ वाढले, पण सगळे एकत्र पाहणारा कमी झाला, याची किंमत अशा आजारात मोजावी लागते.

दोन हॉर्मोन एकत्र वाढणे ही धोक्याची खूण का?

या आजारातली सर्वांत बोलकी खूण हीच आहे, म्हणून ती नीट समजून घेण्यासारखी आहे. अ‍ॅड्रिनलच्या साध्या, कर्करोग नसलेल्या गाठीला अ‍ॅडेनोमा म्हणतात. अ‍ॅडेनोमा हॉर्मोन बनवत असला तरी सहसा एकच बनवतो आणि ते नीटनेटकेपणाने, शेवटच्या टप्प्यापर्यंत बनवतो. कर्करोगाच्या पेशींची हॉर्मोन बनवण्याची साखळी मात्र मोडकी असते. कच्चा माल आत जातो, मधल्या टप्प्यांवर अडकतो आणि अर्धवट बनलेली हॉर्मोन्स बाहेर सांडत राहतात. त्यामुळे एकाच रुग्णात कॉर्टिसॉलही वाढलेले आणि पुरुषी हॉर्मोनही वाढलेले, असे मिश्र चित्र दिसते.

यात एक बारकावा आहे. डीएचईए-एस नावाचे एक हॉर्मोन अ‍ॅड्रिनलच्या कॉर्टेक्समधूनच येते. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी हुकूम देते, तेव्हाच निरोगी अ‍ॅड्रिनल ते बनवते. साध्या अ‍ॅडेनोमाने कॉर्टिसॉल जास्त सोडले की पिट्युटरीला वाटते, माल भरपूर आहे, आणि ती हुकूम थांबवते. मग बाकीची ग्रंथी झोपी जाते आणि डीएचईए-एस खाली घसरते. म्हणजे साध्या गाठीत कॉर्टिसॉल वर आणि डीएचईए-एस खाली, असा मेळ अपेक्षित असतो. कॉर्टिसॉल वर असूनही डीएचईए-एसही खूप वर असेल, तर ते हुकुमाविना बनते आहे, गाठ स्वतःच ते ओतते आहे. शिक्षिकेच्या उदाहरणात नेमके हेच होते. रात्री डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी कॉर्टिसॉल मोजले. ते १.८ च्या खाली जायला हवे होते, निघाले २४. आणि डीएचईए-एस तिच्या वयाच्या वरच्या मर्यादेच्या कितीतरी पट.

पोटॅशियम घसरले तेही कॉर्टिसॉलमुळेच. ते फार वाढले की मूत्रपिंडातली ते निष्प्रभ करणारी यंत्रणा अपुरी पडते आणि कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनसारखे वागू लागते. मग मीठ साठते, रक्तदाब चढतो, पोटॅशियम लघवीवाटे जाते आणि स्नायू लुळे पडतात. पुरुषांत याच कर्करोगाची गाठ कधी स्त्री-हॉर्मोन बनवते आणि छाती वाढते. प्रौढ पुरुषाच्या अ‍ॅड्रिनल गाठीतून स्त्री-हॉर्मोन येत असेल, तर ती कर्करोगाची आहे असेच धरून चालावे लागते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. या कर्करोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत हॉर्मोनची कुठलीच लक्षणे दिसत नाहीत. त्यांना फक्त पोटात किंवा कुशीत जडपणा वाटतो, किंवा गाठ भलत्याच कारणाने केलेल्या स्कॅनमध्ये सापडते. म्हणजे हॉर्मोन ठीक आहेत, म्हणून गाठ साधी आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. तिथे उपयोगी पडतो तो स्कॅन.

सीटी स्कॅनमध्ये नेमके काय पाहायचे?

आधी आकार. निदानाच्या वेळी हा कर्करोग सरासरी दहा-अकरा सेंटीमीटरचा झालेला असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००२ मध्ये मांडलेले ढोबळ गणित आजही उद्धृत होते : चार सेंटीमीटरहून लहान गाठीत कर्करोगाची शक्यता सुमारे दोन टक्के, चार ते सहामध्ये सहा टक्के आणि सहाच्या वर पंचवीस टक्के. ते आकडे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवरून आलेले असल्याने थोडे चढे आहेत, पण आकाराबरोबर धोका कसा चढतो ते त्यातून कळते. अर्थात निव्वळ आकारावर जाऊन फसगतही होते. मायलोलिपोमा नावाची चरबीची गाठ नारळाएवढी वाढूनही कर्करोग नसते आणि आज तीन सेंटीमीटरचा असलेला कर्करोग उद्या मोठा होणारच असतो.

म्हणून आकाराइतकीच महत्त्वाची आहे ती गाठीची घनता. सीटी स्कॅनमध्ये ती हाउन्सफील्ड युनिटमध्ये मोजतात. या मापावर पाणी शून्य, चरबी शून्याच्या बरीच खाली आणि स्नायू चाळीस-पन्नासच्या आसपास. बहुतेक अ‍ॅडेनोमांच्या पेशी चरबीने भरलेल्या असतात, त्यामुळे त्यांची घनता दहाच्या आत भरते. कर्करोगाच्या पेशींत ही चरबी नसते. ब्रिटनमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला दोन हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास या बाबतीत स्पष्ट आहे : दहा किंवा त्याखालच्या घनतेत एकही अ‍ॅड्रिनल कर्करोग सापडला नाही आणि जवळपास सगळे कर्करोग वीसच्या वर होते. एकसंध आणि दहाच्या आतली गाठ असेल तर ती साधी आहे हे जवळपास नक्की. उलटे मात्र खरे नाही. वीसच्या वरची प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, कारण काही अ‍ॅडेनोमांतही चरबी कमी असते.

गोची अशी, की हा आकडा औषध टोचण्यापूर्वीच्या, म्हणजे कॉन्ट्रास्टशिवायच्या स्कॅनवरच मोजता येतो. अनेक ठिकाणी वेळ वाचवायला थेट कॉन्ट्रास्टचा स्कॅन होतो आणि अहवालात ‘अ‍ॅड्रिनलमध्ये मोठी गाठ’ एवढेच येते. अहवालात साध्या स्कॅनवरची घनता लिहिलेली नसेल तर ती विचारून घ्यावी. हा रुग्णाचा आगाऊपणा नव्हे, निर्णयच त्यावर उभा असतो.

याशिवाय डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा असतात. कडा ओबडधोबड असतात, आतला पोत एकसारखा नसतो. गाठ इतकी वेगाने वाढलेली असते की मधल्या भागाला रक्तपुरवठा पुरत नाही, तो भाग मरतो आणि स्कॅनवर काळपट दिसतो. काही रुग्णांत चुन्याचे ठिपके असतात. आणखी एक गोष्ट मुद्दाम शोधायची, ती म्हणजे मूत्रपिंडाच्या शिरेत किंवा पोटातल्या मुख्य शिरेत गाठीची शेपटी शिरली आहे का. पसरण्याच्या नेहमीच्या जागा फुप्फुस आणि यकृत, म्हणून पोटाबरोबर छातीचाही सीटी हवा. शिक्षिकेची गाठ साध्या स्कॅनवर ३४ युनिट, मध्यभागी मृत, मूत्रपिंडाला खाली ढकलणारी पण त्यात न घुसलेली. शिरा मोकळ्या, फुप्फुस आणि यकृत स्वच्छ. आकार, मिश्र हॉर्मोन आणि घनता या तिन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवत होत्या.

मग सुईने तुकडा काढून खात्री का करायची नाही?

इथे आपल्याकडच्या एका जुन्या समजाचा उल्लेख करायला हवा. ‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’ या भीतीने कितीतरी लोक स्तनाच्या किंवा गळ्याच्या गाठीची बायोप्सी टाळतात आणि आजार वाढवून बसतात. तिथे तो समज चुकीचाच आहे, बायोप्सी करायलाच हवी. अ‍ॅड्रिनल हा मात्र अपवाद आहे. त्याची कारणे तीन आहेत.

पहिले म्हणजे सुईने आलेल्या चिमूटभर पेशींवरून अ‍ॅड्रिनलचा अ‍ॅडेनोमा आणि कर्करोग यांत फरक करणे बहुतेकदा जमत नाही. त्यासाठी पूर्ण गाठ हातात लागते. म्हणजे धोका पत्करूनही उत्तर मिळत नाही, किंवा ‘कर्करोग नाही’ असे खोटे समाधान मिळते. दुसरे, या गाठीचे आवरण फाटले तर पेशी पोटात सांडू शकतात. तिसरे कारण थेट जिवाशी गाठ घालणारे आहे. अ‍ॅड्रिनलच्या आतल्या थरातून फिओक्रोमोसायटोमा नावाची अ‍ॅड्रिनॅलिन ओतणारी गाठ होते. स्कॅनवर ती कर्करोगासारखी दिसू शकते. तिला सुई लागली, किंवा तयारीविना भूल दिली, तर रक्तदाब अचानक भडकून रुग्ण टेबलावरच दगावू शकतो. त्यामुळे अशा गाठीला हात लावण्याआधी रक्तातली किंवा लघवीतली मेटानेफ्रिन तपासणी झालीच पाहिजे.

बायोप्सीला जागा उरते ती एका प्रसंगी. रुग्णाला दुसऱ्या अवयवाचा, समजा फुप्फुसाचा, कर्करोग आधीच असेल, तो अ‍ॅड्रिनलमध्ये पसरल्याचा संशय असेल, फिओक्रोमोसायटोमा नाही हे ठरलेले असेल आणि उत्तरावरून उपचार बदलणार असतील, तर. किंवा आजार इतका पसरलेला असेल की शस्त्रक्रिया शक्यच नाही, पण औषधे सुरू करायला पुरावा हवा, तर.

शस्त्रक्रियेची घाई कशासाठी?

कारण हा आजार पूर्ण बरा करू शकणारा उपाय आजतरी तो एकच आहे. आजार अ‍ॅड्रिनलपुरता असताना गाठ निघाली तर पाच वर्षांनी साठ ते ऐंशी टक्के रुग्ण हयात असल्याचे मोठ्या नोंदींतून दिसते. आजूबाजूला पसरल्यावर हे प्रमाण पस्तीस ते पन्नासवर येते. दूर पसरल्यावर ते फार घसरते. दूर पसरलेल्या आजारावर औषधे काय करतात हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फर्म-अ‍ॅक्ट’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत तपासले गेले. ३०४ रुग्णांवर दोन उपचारपद्धतींची तुलना झाली. त्यातल्या सरस उपचारानेही अर्ध्या रुग्णांचे आयुष्य सुमारे पंधरा महिन्यांच्या आतच संपले. दुसऱ्या गटात ते बारा महिने होते. ‘आधी केमो देऊन बघू, मग ऑपरेशन’ हा पर्याय काढता येण्याजोग्या गाठीसाठी का नाही, हे या आकड्यांतून कळते.

दुसरे घड्याळ हॉर्मोनचे चालू असते. कॉर्टिसॉल फार चढलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती ढासळते, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, जखमा भरत नाहीत. गाठ पसरण्याआधी रुग्ण जंतुसंसर्गाने जाऊ शकतो. अशा वेळी मेटायरापोनसारख्या औषधाने काही दिवस कॉर्टिसॉल आवरून, पोटॅशियम भरून मग टेबलावर घेतात.

पण तातडी म्हणजे आज रात्रीच, जवळच्या दवाखान्यात, असा अर्थ नाही. अपेंडिक्ससारखी ही घाई नव्हे. हॉर्मोनच्या तपासण्या आणि स्कॅन आठवड्याभरात उरकावेत आणि शस्त्रक्रिया पुढच्या दोन-तीन आठवड्यांत, योग्य हातांनी व्हावी. ‘तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू’ हा सल्ला लहान, गुळगुळीत, शंकास्पद गाठीला ठीक आहे. सहा सेंटीमीटरच्या वर, घनता वीसच्या वर आणि मिश्र हॉर्मोन असलेल्या गाठीला तो देणे म्हणजे बऱ्या होऊ शकणाऱ्या टप्प्यातून रुग्णाला बाहेर ढकलणे आहे.

योग्य हात म्हणजे काय, याचेही माप आहे. युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार अ‍ॅड्रिनलची शस्त्रक्रिया करणाऱ्याने वर्षाला किमान सहा अशा शस्त्रक्रिया केलेल्या असाव्यात आणि या कर्करोगासाठी वीसहून अधिक असतील तर उत्तम. हा प्रश्न सर्जनला सरळ विचारावा. दुसरा प्रश्न पद्धतीचा. आज सगळ्यांना दुर्बिणीची शस्त्रक्रिया हवी असते, छोटी भोके आणि तिसऱ्या दिवशी घरी. साध्या अ‍ॅडेनोमासाठी ती सर्वोत्तमच आहे. पण मोठी, मऊ, मधून मेलेली गाठ चिमट्याने उचलताना फाटते, आणि फाटली की ‘स्थानिक’ आजार पोटभर होतो. म्हणून सहा सेंटीमीटरच्या वर किंवा आजूबाजूला चिकटलेली गाठ असेल तर पोट उघडून, गाठीला थेट न पकडता, भोवतालची चरबी आणि जवळच्या लसिकाग्रंथींसकट एकसंध काढतात. मूत्रपिंडात गाठ घुसली असेल तरच ते सोबत जाते. पहिल्या शस्त्रक्रियेत राहिलेले दुसऱ्या वेळी निघेलच असे नसते, त्यामुळे मोठ्या व्रणाच्या धास्तीने पहिली संधी वाया घालवणे परवडत नाही.

शस्त्रक्रियेनंतर काय?

शिक्षिकेची गाठ सोळाव्या दिवशी निघाली, वजन साडेचारशे ग्रॅम. त्याच दिवशी तिला शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन सुरू झाले. ते चुकले असते तर यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही ती दुसऱ्या दिवशी रक्तदाब कोसळून गेली असती. कारण गाठीच्या कॉर्टिसॉलमुळे उजवी अ‍ॅड्रिनल महिनोन्‌महिने झोपलेली होती. ती जागी व्हायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागते.

पॅथॉलॉजीत गाठीची परीक्षा नऊ निकषांच्या वाइस गुणांकावर होते. तीन किंवा अधिक गुण म्हणजे कर्करोग. तिचे सहा आले. पेशी किती वेगाने विभागत आहेत हे सांगणारा केआय-६७ हा आकडा पंधरा टक्के, म्हणजे परत येण्याचा धोका चढा. आवरण अभंग आणि कडा स्वच्छ असूनही हा कर्करोग अनेकांत परततो, म्हणून अशा रुग्णांना मायटोटेन देतात. डीडीटीच्या कुळातले हे औषध अ‍ॅड्रिनलच्या पेशींनाच मारते. ते शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागते आणि रक्तातली त्याची पातळी लिटरला १४ ते २० मिलिग्रॅम राखावी लागते. तिथवर पोहोचायला काही आठवडे ते महिने जातात. मळमळ, ग्लानी, तोल जाणे हे त्रास होतात. ते हायड्रोकॉर्टिसोनही लवकर संपवते, त्यामुळे त्याचा डोस नेहमीपेक्षा बराच वाढवावा लागतो. ताप किंवा उलट्या झाल्या तर डोस आणखी वाढवायचा आणि गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन घ्यायला थेट रुग्णालय गाठायचे. तिच्या पर्समध्ये आता तसे लिहिलेले कार्ड असते आणि दर तीन महिन्यांनी छाती-पोटाचा स्कॅन होतो.